जास्तीच्या हक्काची तक्रार येत नाही

पुणे-चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या अनेक मोठ्या कारखान्यांत हिशेब, खरेदी, विक्री, गोदाम असं सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. जर्मनीच्या सॅप कंपनीचं हे सॉफ्टवेअर. त्याची जुनी आवृत्ती ईसीसी या नावाने ओळखली जाते आणि तिचा नेहमीचा आधार सॅप २०२७च्या अखेरीस थांबवणार आहे. म्हणून २०१५ साली आलेल्या एस-फोर हाना या नव्या आवृत्तीकडे कंपन्यांची रीघ लागली आहे. या स्थलांतराच्या बैठकांमध्ये बहुतेक बोलणं डेटाचं होतं. शिल्लक जुळली का, साठा जुळला का, अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी नव्या घरात नीट आल्या का. कोणाला काय करता येईल, हा प्रश्न बहुधा शेवटच्या महिन्यात निघतो आणि तेव्हा हाताशी वेळ नसतो.

मला त्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, कारण त्यातली चूक दिसत नाही. नव्या प्रणालीत एखाद्याला आवश्यक असलेला अधिकार द्यायचा राहिला, तर सोमवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन येतो. बिल निघत नाही, गाडी गेटवर उभी आहे, साहेब ओरडताहेत. तासाभरात चूक दुरुस्त होते. पण अधिकार जास्त दिला गेला, तर कोणीच फोन करत नाही. ज्याला तो मिळाला त्यालाही बरेचदा ते कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी ऑडिटर शोधून काढतात, किंवा त्याआधी कोणाच्या तरी मनात पाप येतं. तक्रारींची संख्या पाहून काम चांगलं झालं की वाईट हे ठरवण्याची सवय या एका कामात फसवी ठरते. गो-लाइव्हनंतर अधिकारांबद्दल एकही तक्रार आली नाही, असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते.

जास्तीचा हक्क शिरतो कसा, हे कळण्यासाठी जुन्या प्रणालीत अधिकार कसे चालतात ते थोडं पाहावं लागेल. ईसीसीमध्ये प्रत्येक कामाला छोटा सांकेतिक कोड असतो, त्याला सगळे टी-कोड म्हणतात. ग्राहकाचं हिशेबी खातं उघडायचं तर FD01, बदलायचं तर FD02, नुसतं पाहायचं तर FD03. व्हेंडरसाठी, म्हणजे ज्यांच्याकडून आपण माल घेतो त्यांच्यासाठी, तसेच FK01, FK02, FK03. कर्मचाऱ्याने कोड टाकला की प्रणाली पहिली तपासणी करते: याला हा कोड चालवायची परवानगी आहे का? या तपासणीचं नाव S_TCODE. ती पार पडली की आत दुसरी तपासणी होते: कोणत्या कंपनीच्या खात्यावर, आणि काय करायचं आहे? तयार करणं 01, बदलणं 02, पाहणं 03. व्हेंडरच्या हिशेबी माहितीसाठी आतली तपासणी F_LFA1_BUK या नावाने चालते, ग्राहकासाठी F_KNA1_BUK या नावाने. अशा परवानग्यांची मोट बांधली की तिला रोल म्हणतात आणि रोल माणसाला लावला जातो. एका माणसाला पाच-सात रोल असणं नेहमीचंच.

आता कागदावर नसलेली गोष्ट. वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी बाहेरची तपासणी काटेकोर ठेवली गेली आणि आतली सैल. व्हेंडर फक्त पाहण्याचा रोल बनवताना कन्सल्टंटने FK03 हा कोड दिला आणि आतल्या रकान्यात 03 लिहिण्याऐवजी तारा टाकला: *. ताऱ्याचा अर्थ काहीही चालेल. त्या काळी याने काही बिघडत नव्हतं. FK03 या पडद्यावर बदल करण्याची सोयच नाही, मग आत तारा असो की 03, माणूस पाहण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. म्हणून तो तारा तिथेच राहिला. ऑडिटमध्येही सुटला, कारण ऑडिटरही FK01 आणि FK02 कोणाकडे आहेत एवढंच विचारत.

एस-फोर हानामध्ये हे कुंपणच हललं. ग्राहक आणि व्हेंडर यांची वेगवेगळी दालनं बंद झाली आणि दोघांसाठी मिळून एकच दालन आलं. त्याचा कोड BP, म्हणजे बिझनेस पार्टनर. तयार करणं, बदलणं, पाहणं, ग्राहक असो वा व्हेंडर, सगळं BPमधून. जुन्यापैकी बहुतेक कोड टाकले तरी BPच उघडतो. सॅपकडे जुना कोड आणि त्याच्या जागी आलेला नवा कोड यांची तयार यादी असते आणि स्थलांतराचं साधन त्या यादीवरून रोलमधले कोड बदलून देतं. यादी चूक नाही. FK03ची जागा खरोखरच BPने घेतली आहे. पण FK03 नुसतं पाहण्याचं दार होतं आणि BP सगळं काही करण्याचं दार आहे. बाहेरच्या तपासणीत पूर्वी जो फरक सांभाळला जात होता, तो आता आतल्या तपासणीने सांभाळायचा आहे. आणि आत तर तारा बसला आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा गाड्यांचे सुटे भाग बनवणारी चाकणची एक कंपनी आहे. तिच्या वसुली विभागात एक मॅडम ग्राहकांची खाती सांभाळतात. त्यांना दोन रोल आहेत. पहिल्या रोलने त्या ग्राहकांची खाती उघडतात आणि बदलतात: FD01, FD02, FD03, आतल्या तपासण्या व्यवस्थित, कंपनी कोड 1000. दुसरा रोल व्हेंडर पाहण्याचा: FK03, आणि आत F_LFA1_BUKमध्ये तारा. हा दुसरा त्यांना कधीतरी सोयीसाठी दिला होता, कारण काही पार्ट्या ग्राहकही असतात आणि व्हेंडरही, आणि वसुलीचा फोन करण्याआधी आपण त्यांचं किती देणं लागतो हे पाहिलेलं बरं. मागणी अगदी रास्त होती.

स्थलांतर झालं. पहिल्या रोलमध्ये FD01ते FD03च्या जागी BP आला. दुसऱ्यात FK03च्या जागी BP आला. BPला स्वतःची एक नवी तपासणी लागते, B_BUPA_RLT. समोरच्या पार्टीच्या कोणत्या भूमिकेवर हा माणूस काम करू शकतो, हे ती पाहते. ग्राहकाची हिशेबी भूमिका FLCU00, व्हेंडरची हिशेबी भूमिका FLVN00. ही तपासणी जुन्या प्रणालीतल्या या रोलमध्ये नव्हतीच, त्यामुळे तिथे आणण्यासारखं जुनं मूल्य नाही. रकाना रिकामा आहे, तारीख जवळ आली आहे, कोणीतरी भूमिकेच्याही रकान्यात तारा भरतं आणि कृतीच्याही. सोमवारी मॅडम कामावर येतात, ग्राहकाचं खातं उघडतात, सगळं सुरळीत चालतं. त्यांना हे ठाऊकही नसतं की आता त्या नवा व्हेंडर तयार करू शकतात आणि जुन्या व्हेंडरचा बँक खाते क्रमांकही बदलू शकतात. कोणी जाणून हा अधिकार दिला नव्हता.

व्हेंडरचा बँक खाते क्रमांक हा साऱ्या कारखान्यातल्या सर्वांत नाजूक रकान्यांपैकी एक. देणी भागवायची वेळ आली की F110 या कोडने शेकडो व्हेंडरांची पेमेंट एका फटक्यात तयार होतात, आणि पैसा खाते क्रमांक पाहून जातो, नाव पाहून नव्हे. ज्याच्या हातात क्रमांक बदलण्याची सत्ता आहे त्याला बिलावर सही करण्याचीही गरज पडत नाही. खऱ्या बिलाचे, खऱ्या मंजुरीचे पैसे चुकीच्या खात्यात जातात. म्हणूनच व्हेंडरची माहिती सांभाळणारा, बिल नोंदवणारा आणि पेमेंट काढणारा अशी तीन वेगळी माणसं ठेवण्याचा शिरस्ता आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १४३(३)(i)नुसार लेखापरीक्षकाला कंपनीची आर्थिक अहवालांसंबंधीची अंतर्गत नियंत्रणं पुरेशी आहेत का यावर मत द्यावं लागतं, आणि तो हीच विभागणी तपासतो.

हे पकडायचं कसं? बहुतेक ठिकाणी एक एक्सेल बनवतात. डावीकडे जुना रोल, उजवीकडे नवा रोल, प्रत्येक ओळीसमोर विभागप्रमुखाची सही. मॅडमच्या बाबतीत या एक्सेलमध्ये काहीच खटकणार नाही. पहिला रोल ग्राहक-खात्यांचा, तो ग्राहक-खात्यांच्या नव्या रोलवर गेला. दुसरा व्हेंडर पाहण्याचा, तो व्हेंडर पाहण्याच्या नव्या रोलवर गेला. नावं तंतोतंत जुळतात. सॅपने नमुन्यादाखल दिलेले तयार रोल आहेत, उदाहरणार्थ SAP_BR_AR_ACCOUNTANT. नाव पाहून वसुलीच्या माणसाला तोच लावून टाकायचा मोह होतो. पण त्या नावाखाली सॅपच्या कल्पनेतला हिशेबनीस आहे, तुमच्या कारखान्यातल्या मॅडम नाहीत. त्यात मॅडमनी कधी न केलेली कामंही आहेत.

रोलची रोलशी तुलना करण्यात आणखी एक अडचण आहे. सॅपमध्ये माणसाचे सगळे रोल एकत्र मिसळतात. दार एका रोलने उघडायचं आणि आतली परवानगी दुसऱ्या रोलमधून घ्यायची, हे चालतं. समजा दुसऱ्या रोलमधून BP काढूनच टाकला आणि आतला तारा मात्र राहिला. रोल स्वतःपुरता निरुपद्रवी झाला, कारण त्यात दारच नाही. पण पहिल्या रोलमधला BP ते दार उघडून देतो आणि तारा कामाला लागतो. म्हणून रोल सुटे सुटे तपासून निष्कर्ष काढता येत नाही. तुलना माणसाची माणसाशी करावी लागते: या व्यक्तीला सगळे रोल मिळून काल काय करता येत होतं आणि उद्या काय करता येईल.

ही तुलना व्हायची तर दोन्ही प्रणालींचे अधिकार एकाच भाषेत आणावे लागतात. ना जुन्या कोडांच्या, ना नव्या. कामाच्या साध्या भाषेत. 'ग्राहक तयार करणे', 'ग्राहकाची हिशेबी माहिती बदलणे', 'व्हेंडरचे बँक खाते बदलणे', 'व्हेंडर पाहणे' अशी कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामासाठी जुन्या प्रणालीत नेमकं काय लागत होतं, नव्यात काय लागतं, हे लिहून ठेवायचं. सगळ्या कामांची यादी करायला बसलात तर वर्ष जाईल. पैसा, साठा, पगार आणि मास्टर माहिती यांना हात लावणारी कामं आधी घ्यावीत. मग प्रत्येक यूजरसाठी दोन तक्ते तयार होतात, आणि प्रश्न एवढाच उरतो: नव्यातून जुनं वजा केल्यावर काय उरतं?

```sql
SELECT vyakti, kaam, company FROM nave_adhikar
EXCEPT
SELECT vyakti, kaam, company FROM june_adhikar;
```

या प्रश्नाचं उत्तर रिकामं यायला हवं. एक जरी ओळ उरली तरी ती कोणाला तरी मिळालेला जास्तीचा हक्क आहे, आणि तिच्याखाली एकतर कारण लिहिलेलं हवं किंवा ती काढून टाकलेली हवी. तक्ते उलट करून वजा केले की दुसरी उपयोगी यादी मिळते: कोणाचं काय कमी झालं. सोमवारी ज्यांचे फोन येणार त्यांची ही यादी. त्यांना आधीच विचारता येतं.

पण इथे एक बारीक खाच आहे, आणि मी पाहिलेल्या तुलना बहुतेक इथेच घसरल्या. जुना तक्ता बनवताना मॅडमच्या नावावर F_LFA1_BUKमधला तारा दिसतो. साधन तो तारा सुटा करतं: 01, 02, 03, सगळं. तक्त्यात नोंद होते की मॅडम जुन्या प्रणालीतही व्हेंडर तयार करू शकत होत्या, बदलू शकत होत्या. मग नव्यातून जुनं वजा केल्यावर काहीच उरत नाही, अहवाल स्वच्छ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. वस्तुतः जुन्या प्रणालीत त्यांच्याकडे बदल करण्याचं दारच नव्हतं. कोठ्यात असलेली पण कधीच वापरता न येणारी परवानगी हक्क म्हणून मोजली गेली. म्हणून जुन्या बाजूला एखादं काम तेव्हाच धरायचं, जेव्हा दारही होतं आणि आतली परवानगीही होती, दोन्ही एकत्र. मॅडमच्या जुन्या तक्त्यात व्हेंडरच्या नावापुढे फक्त 'पाहणे' येतं. आता वजाबाकी केली की दोन ओळी वर येतात: व्हेंडर तयार करणे, व्हेंडर बदलणे.

दुरुस्ती सोपी आहे, सापडल्यावर. B_BUPA_RLTमध्ये ग्राहकाच्या भूमिकेसाठी एक नोंद, तिच्यात 01, 02, 03. व्हेंडरच्या भूमिकेसाठी वेगळी नोंद, तिच्यात फक्त 03. F_LFA1_BUKमधला तारा काढून 03. कंपनी कोडच्या रकान्यात 1000. आणि मॅडमना दिलेल्या इतर कोणत्याही रोलमध्ये याच तपासण्या सैल राहिल्या नाहीत ना, हे SUIM या अहवालांच्या दालनातून व्यक्तिवार पाहून घ्यायचं.

एवढं करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. चाकणच्या आपल्या कंपनीला पोलादाचे पत्रे पुरवणारा व्यापारी तिचंच भंगारही विकत घेतो. असे संबंध कारखानदारीत सर्रास असतात. जुन्या प्रणालीत तो व्हेंडर म्हणून एका क्रमांकावर आणि ग्राहक म्हणून दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि दोन्हीकडे त्याची बँक माहिती वेगळी नोंदलेली होती. स्थलांतरात त्याला एकच बिझनेस पार्टनर केलं, दोन भूमिका असलेला. हा एकत्रीकरणाचा फायदाच आहे. पण नाव, पत्ता आणि बँक खाती आता भूमिकेची राहिली नाहीत. ती पार्टनरची, सामाईक झाली. मॅडम ग्राहकाच्या भूमिकेतून, पूर्ण अधिकाराने, त्याचा खाते क्रमांक बदलतात. तोच क्रमांक पोलादाच्या बिलाच्या पेमेंटलाही लागू शकतो. वर सांगितलेली दुरुस्ती इथे पुरत नाही, कारण मॅडमनी व्हेंडरच्या भूमिकेला हातच लावलेला नाही. इथे रोल बदलले म्हणून अधिकार वाढला असं नाही. माहितीची मांडणी बदलली, म्हणून तो वाढला.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही पूर्ण नाहीत. पहिला: बँक माहितीचे रकाने वेगळ्या गटात टाकून त्यावर स्वतंत्र परवानगी लावायची. ती तपासणी B_BUPA_FDG. ती आपोआप चालत नाही. कोणता गट संरक्षित आहे हे सेटिंगमध्ये आधी नोंदवावं लागतं, नाहीतर रोलमध्ये कितीही काटेकोर लिहिलं तरी प्रणाली विचारतच नाही. शिवाय मग मॅडमना ग्राहकांच्या परताव्यासाठी बँक खातं नोंदवता येणार नाही, ते काम दुसऱ्या कोणाकडे न्यावं लागेल. दुसरा उपाय दोन माणसांच्या मंजुरीचा: नाजूक रकाना बदलला की दुसऱ्याने मंजुरी देईपर्यंत त्या पार्टीचं पेमेंट अडकून राहायचं. ही सोय सॅपमध्ये जुनी आहे, पण नव्या दालनातून केलेल्या बँक-बदलाला ती तुमच्या सेटिंगमध्ये खरोखर लागते का, हे बदल करून, पेमेंट काढून बघितल्याशिवाय मानू नये. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पहिल्या उपायाने फक्त कारकुनाला अडवलं जातं, दुसऱ्याने मास्टर माहिती सांभाळणाऱ्या विश्वासू माणसालाही एक साक्षीदार लागतो.

स्थलांतराच्या निमित्ताने दुसरा एक प्रश्न उभा राहतो. जुन्या प्रणालीत जे मिळालं होतं ते सगळं नव्यात न्यायचं का? पंधरा वर्षांत माणसं विभाग बदलतात, नवे रोल लागतात, जुने कोणी काढत नाही. कोणाला जास्त द्यायचं नाही, एवढंच बंधन असेल तर जुनं जसंच्या तसं नेलं तरी ते पाळलं जातं. पण वापरातच नसलेला अधिकार नव्या प्रणालीत नेण्याला काहीच अर्थ नाही, आणि तो कमी करण्याची याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही. कोणी कोणता कोड किती वेळा चालवला याची नोंद ST03Nमध्ये मिळते. अट अशी की ही नोंद किती महिने ठेवायची हे कंपनीच्या सेटिंगवर अवलंबून असतं, आणि कोणी लक्ष दिलं नसेल तर मोजकेच महिने मागे जाता येतं. भारतात हे महागात पडतं. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वार्षिक ताळेबंद, साठ्याची मोजणी, घसाऱ्याची अखेरची नोंद ही कामं वर्षातून एकदाच होतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या नोंदी पाहून 'हा कोड कोणी वापरत नाही' म्हणत काढला, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिशेब विभाग ठप्प होतो. मग घाईत जो अधिकार दिला जातो तो जुन्याहून मोठा असतो. म्हणून प्रकल्पाचा पहिला दिवस उजाडताच नोंद ठेवण्याची मुदत वाढवून घ्यावी, किमान एक संपूर्ण वर्ष आणि त्यावर एखादा महिना पदरात पडेल इतकी. या एका साध्या सेटिंगचा पुढे फार उपयोग होतो, पण ते करायला हवं हे आठवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

चाचणीच्या काळात माणसं काय चालतं ते तपासतात. मॅडम येतात, ग्राहक तयार करतात, बिल जमा करतात, कागदावर टिक करतात. त्याने अपुरे अधिकार सापडतात, जास्तीचे सापडत नाहीत. जास्तीचे शोधायचे तर उलटी चाचणी लागते: मॅडमचे सगळे रोल लावलेला चाचणी-यूजर घ्यायचा आणि जे जमता कामा नये ते मुद्दाम करून पाहायचं. BP उघडायचा, एखादा व्हेंडर व्हेंडरच्या भूमिकेत उघडायचा, बदल करण्याचं बटण दाबायचं. प्रणालीने नकार दिला तर चाचणी पास. मग भंगारवाला पार्टनर ग्राहकाच्या भूमिकेत उघडून बँक खातं बदलून पाहायचं आणि पेमेंट अडतं का ते बघायचं. प्रत्येक रोलसाठी असे पाच-सहा नकार लिहून ठेवले तरी पुष्कळ. ही चाचणी खऱ्या डेटाच्या प्रतीवरच करावी. नमुन्यादाखल बनवलेल्या 'टेस्ट व्हेंडर १'ला दुसरी भूमिका नसते, त्यामुळे सामाईक बँक खात्याचा प्रकार तिथे दिसतच नाही.

इतकी काळजी घेऊनही खरी गळती गो-लाइव्हच्या आठवड्यात होते. कोणीतरी अडकतं, SU53 टाकतं, नुकती कोणती परवानगी नाकारली गेली ते पडद्यावर दिसतं, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो आणि सपोर्टमधला मुलगा तेवढी परवानगी रोलमध्ये घालून देतो. दोन चुका होतात. SU53 अलीकडच्या नकारांपुरतं दाखवतं, आणि नकार म्हणजे गरज असं नसतं. पडदा उघडताना प्रणाली एखादं जादा बटण दाखवायचं की नाही एवढं ठरवायलाही विचारते आणि नकार मिळाला तरी पुढे चालते. खरी अडचण दुसरीकडेच असते. आणि दुसरी चूक, परवानगी रोलमध्ये घातली की ती त्या रोलच्या सगळ्या माणसांना मिळते. एका मॅडमच्या अडचणीपायी वसुली विभागातल्या बाराही जणांचा अधिकार वाढतो. नेमकं काय अडलं हे STAUTHTRACE लावून, ती व्यक्ती काम करत असताना पाहिलं तर कळतं. त्याला दहा मिनिटं लागतात, पण त्या आठवड्यात दहा मिनिटं कोणाकडे नसतात.

घाईला आणखी मोठं निमंत्रण दिलं जातं. सॅपच्या आवृत्ती बदलांसोबत SAP_NEW नावाची एक मोट मिळते. नव्या आवृत्तीत ज्या नव्या तपासण्या आल्या, त्या सगळ्यांना भरभरून हो म्हणणारी. कोणी अडू नये म्हणून ती सगळ्यांना लावून द्यायची आणि नंतर काढायची, असा बेत असतो. B_BUPA_RLTसारख्या नव्या तपासण्यांवर आपण सगळी भिस्त ठेवली आहे आणि नेमक्या तशाच तपासण्या ही मोट निकामी करू शकते. ती कोणालाही लावू नये, एवढं स्पष्ट सांगतो. आणीबाणीसाठी अधिकार हवेच असतात, पण त्यासाठी वेगळा यूजर ठेवावा. तो मागून घ्यायचा, कोणी किती वाजता घेतला ते नोंदवायचं, त्यातून काय केलं ते दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखाने वाचायचं. एखाद्याला तात्पुरता रोल द्यावाच लागला तर तो लावताना शेवटची तारीख भरता येते. बहुतेकांच्या रोलपुढे त्या रकान्यात 31.12.9999 असतं. तात्पुरत्यासाठी तिथे पुढचा शुक्रवार लिहावा.

सपोर्टच्या टेबलावर प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारला तरी बरंच सावरतं: हे काम ही व्यक्ती जुन्या प्रणालीत करत होती का? वर केलेल्या तक्त्यात उत्तर एका मिनिटात मिळतं. असेल तर आपल्या मांडणीतली चूक, ती लगेच दुरुस्त करावी. नसेल तर ही नव्या अधिकाराची मागणी आहे आणि तिला आयटीने नव्हे, त्या कामाच्या प्रमुखाने मंजुरी द्यायची. व्हेंडरच्या बँक खात्याबद्दलचा निर्णय कन्सल्टंटने घेऊ नये. रोल कसा बांधायचा ते तो जाणतो, पण पोलादवाला भंगारही घेतो हे त्याला माहीत नसतं.

यंत्रांचेही यूजर असतात, त्यांना या सगळ्यात कोणी विचारत नाही. रात्री बँकेचं विवरण ओढून आणणारा, गेटवरच्या वजनकाट्याची नोंद पाठवणारा. त्यांच्यामागे माणूस नाही म्हणून त्यांना सर्व अधिकारांची मोट, SAP_ALL, लावून दिलेली सापडते. त्या यूजरचा पासवर्ड मात्र कोणत्या तरी सर्व्हरवरच्या फायलीत असतो आणि ती फाइल वाचू शकणारा माणूसच असतो. यांच्यावर महिनाअखेर धरून पूर्ण महिनाभर ट्रेस लावावा आणि त्यांनी जेवढं खरोखर मागितलं तेवढंच द्यावं. यंत्र रोज तेच काम करतं, त्यामुळे इथे हिशेब माणसांपेक्षा सोपा जातो.

गो-लाइव्हनंतर तीन महिन्यांनी तीच वजाबाकी पुन्हा चालवावी, जुना तक्ता न बदलता. यावेळी उत्तर रिकामं येत नाही. खरेदी विभागात बदली झालेला, पण वसुलीचा रोल न सोडलेला माणूस त्यात असतो. तात्पुरत्या रोलची तारीख दोनदा पुढे ढकललेली असते. रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे अधिकार 'जसेच्या तसे' मागून घेतलेला कोणीतरी असतो. प्रत्येक ओळ विभागप्रमुखासमोर ठेवायची आणि त्याने दोनपैकी एक लिहायचं: अधिकार काढा, किंवा ठेवा आणि या व्यक्तीने केलेले बदल दर महिन्याला अमुक जण तपासेल. त्या अमुक जणाचं नाव रिकामं ठेवून सही करता येणार नाही, अशी सोय फॉर्ममध्येच करून ठेवावी.